व्हॉट्सअ‍ॅपवर धंद्याचे मेसेज पाठवताय? २५० पासून एक लाखापर्यंतची मर्यादा कशी वाढवायची

आधी एक खुलासा करतो. हे सगळं प्ले स्टोअरवरच्या फुकट बिझनेस अ‍ॅपबद्दल नाहीये. त्यातल्या ब्रॉडकास्ट लिस्टचे नियम वेगळे असतात. इथे आपण बोलतोय ते एपीआयबद्दल, म्हणजे एखाद्या प्रोव्हायडरकडून डॅशबोर्ड घेऊन, मेटाकडून टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरलेला मजकूर, आधी मंजूर करून घेऊन हजारो ग्राहकांना मेसेज पाठवतात ते. यात नवीन माणूस पहिल्याच मोहिमेत यादी अपलोड करतो, बटण दाबतो आणि अडीचशे मेसेज गेल्यावर सगळं थांबतं. मग प्रोव्हायडरला फोनवर फोन. खरं तर प्रोव्हायडरच्या हातात यातलं फारसं काही नसतं, मर्यादा मेटाची असते आणि ती वाढवायची रीतही ठरलेली आहे.

उदाहरणासाठी देवगडचा एक हापूसवाला धरू. यादीत १८,००० नंबर आहेत, मार्चच्या मध्यावर पेट्या सुरू होणार आणि त्या दिवशी सगळ्यांना कळवायचंय. आत्ता फेब्रुवारीची सुरुवात आहे आणि एपीआयचा नंबर नवा कोरा आहे.

मर्यादा नेमकी कशावर आहे ते आधी समजून घ्या

इथे मोजतात ती माणसं, मेसेज नाही. २४ तासांत तुम्ही किती वेगवेगळ्या लोकांना आपणहून मेसेज पाठवू शकता, तो आकडा म्हणजे तुमची मर्यादा. एकाच माणसाला दिवसात तीन टेम्प्लेट पाठवले तरी तो एकच धरला जातो. आणि ग्राहकाने स्वतः मेसेज केला तर तिथून २४ तासांची खिडकी उघडते, त्या खिडकीत तुम्ही दिलेली उत्तरं या हिशोबात येतच नाहीत. म्हणजे चौकशी करणाऱ्यांना उत्तर देताना मर्यादेची काळजी करायची गरज नाही.

हे २४ तास रात्री बारा वाजता परत शून्यापासून सुरू होत नाहीत, ते सरकते असतात, आणि इथे बरेच जण फसतात. काल संध्याकाळी सहाला पूर्ण कोटा वापरला असेल तर आज सकाळी दहाला पाठवलेले मेसेज अडकणार, जागा संध्याकाळी सहानंतरच मोकळी व्हायला लागते. म्हणून रोज पाठवायचं असेल तर वेळ एकच ठेवा किंवा रोज थोडी पुढे सरकवा, मागे आणू नका.

पायऱ्या अशा आहेत: २५०, मग २,०००, मग १०,०००, मग १,००,००० आणि त्यापुढे अमर्याद. पूर्वी दुसरी पायरी १,००० ची होती, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमध्ये तो आकडा दिसेल, गोंधळू नका. आणखी एक मोठा बदल ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. आधी प्रत्येक फोन नंबरची मर्यादा वेगळी असायची, आता ती पूर्ण बिझनेस पोर्टफोलिओची, म्हणजे मेटावरच्या तुमच्या धंद्याच्या एकत्रित खात्याची, एकच असते आणि त्यातले सगळे नंबर तिच्यातूनच खातात. त्यामुळे 'अजून दोन सिम घेऊ आणि तिप्पट पाठवू' हा जुना सल्ला आता कामाचा नाही.

२५० वरून २,००० वर

इथला सरळ रस्ता म्हणजे बिझनेस व्हेरिफिकेशन. मेटा बिझनेस सूटच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी सेंटरमध्ये जाऊन कागद द्यायचे, आपल्याकडे जीएसटी सर्टिफिकेट किंवा उद्यम सर्टिफिकेट लोक देतात. अडतं ते बहुतेक वेळा नावावर. कागदावर मालकाच्या नावाने प्रोप्रायटरशिप आहे आणि पोर्टफोलिओमध्ये दुकानाचं गोड नाव टाकलंय, पत्ता जुना आहे, असं असलं की अर्ज परत येतो. म्हणून अर्ज करण्याआधी पोर्टफोलिओमधलं कायदेशीर नाव आणि पत्ता कागदाशी अक्षरनअक्षर जुळवून घ्या. ग्राहकाला दिसणारं डिस्प्ले नाव ही वेगळी गोष्ट, ते दुकानाचं ठेवता येतं, फक्त धंद्याशी त्याचा संबंध दिसला पाहिजे.

दुसरा रस्ताही आहे, ३० दिवसांत २,००० वेगवेगळ्या लोकांपर्यंत चांगल्या क्वालिटीच्या टेम्प्लेटने खिडकीबाहेरचे मेसेज पोचवायचे. पण रोज २५० च्या वेगाने हे करत बसण्यापेक्षा कागद दिलेले बरे, विशेषतः हंगाम डोक्यावर असताना. व्हेरिफिकेशन झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅप मॅनेजरमध्ये जाऊन आकडा खरंच बदललाय का ते स्वतः बघा, आणि मगच पुढची तारीख ठरवा.

२,००० च्या पुढे मर्यादा आपोआप वाढते, पण दोन अटींवर

पहिली अट, गेल्या ७ दिवसांत तुम्ही सध्याच्या मर्यादेचा किमान अर्धा भाग वापरलेला असला पाहिजे. दुसरी, मेसेजची क्वालिटी चांगली असली पाहिजे. दोन्ही जमलं की साधारण सहा तासांत पुढची पायरी मिळते, अर्ज वगैरे काही करावा लागत नाही.

'अर्धा' हा सात दिवसांत मिळून आहे, रोज नाही. २,००० च्या पायरीवर आठवड्यात १,००० लोक गाठले की झालं. हे कळलं की घाई करावीशी वाटत नाही, आणि घाई न करणं इथे फार फायद्याचं आहे, का ते आता क्वालिटीत बघू.

क्वालिटी रेटिंग कशावर ठरतं

मॅनेजरमध्ये फोन नंबरसमोर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो, म्हणजे चांगली, मध्यम आणि वाईट. हा रंग गेल्या ७ दिवसांत लोकांनी तुमच्या मेसेजचं काय केलं त्यावर ठरतो आणि त्यातही ताज्या दिवसांना जास्त वजन असतं. मुख्य गोष्ट म्हणजे ब्लॉक आणि रिपोर्ट. ब्लॉक करताना माणूस जे कारण निवडतो, स्पॅम आहे, मी कधी नाव दिलंच नव्हतं, आता गरज नाही, तेही मोजलं जातं. तुम्ही मजकूर किती सुंदर लिहिलाय याला इथे मार्क नाहीत, समोरच्याला तो नकोसा वाटला का एवढंच बघितलं जातं.

टेम्प्लेटचीही स्वतःची वेगळी क्वालिटी असते. ती फार घसरली की टेम्प्लेट थांबवतात, पहिल्यांदा ३ तास, दुसऱ्यांदा ६ तास आणि तिसऱ्यांदा कायमचं बंद. नव्या टेम्प्लेटने एकदम मोठी यादी सोडली तर मेटा आधी थोड्या लोकांना पोचवून बाकीचे मेसेज रोखून धरू शकतं, प्रतिसाद बरा आला की सोडतं, वाईट आला तर ते जातच नाहीत. म्हणजे मुख्य दिवशी पहिल्यांदाच वापरलेलं टेम्प्लेट हा मोठा धोका आहे.

आता हापूसवाल्याची यादी

१८,००० मध्ये समजा ३,००० जणांनी गेल्या हंगामात पेटी घेतली होती. ७,००० जणांनी त्याच्या आधीच्या दोन वर्षांत. उरलेले ८,००० प्रदर्शनातून, जुन्या वह्यांतून, कुणाच्या तरी ओळखीतून जमलेले, आणि त्यातल्या २,००० जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा असं कधी म्हटल्याची कुठेच नोंद नाही. हे २,००० नंबर काढून टाकायचे. वाईट वाटतं हे मला माहितीय, पण ज्यांनी नंबर दिलाच नाही तेच आधी ब्लॉक करतात आणि त्याची किंमत बाकीच्या १६,००० जणांना मेसेज जाण्यावर मोजावी लागते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, २,००० च्या पायरीवर, गेल्या वर्षीच्या ग्राहकांपासून सुरू करायचं. रोज ४०० जण, एकाच वेळेला. मेसेज छोटा, ग्राहकाच्या नावासकट: गेल्या वर्षी तुम्ही आमच्याकडून पेटी घेतली होती, यंदा मार्चच्या मध्यावर आंबा सुरू होतोय, तुमच्यासाठी पेटी राखून ठेवू का? खाली दोन बटणं, 'हो, ठेवा' आणि 'मेसेज नकोत'. दुसरं बटण मनापासून द्या. ज्याला नकोय त्याला सोपी वाट मिळाली नाही की तो ब्लॉकचं बटण शोधतो. आणि त्याने ते दाबलं की त्याचा नंबर यादीतून त्याच दिवशी काढायचा, नुसतं बटण ठेवून उपयोग नाही. जो 'हो' म्हणतो त्याच्याशी खिडकी उघडते, त्या खिडकीतलं पुढचं बोलणं मर्यादेबाहेर.

तीन दिवसांत १,२०० लोक होतात, म्हणजे अर्ध्याची अट पूर्ण. रंग हिरवा असेल तर १०,००० ची पायरी मिळते. पुढच्या आठवड्यात उरलेले १,८०० आणि मधल्या गटातले ३,५०० असे चार दिवसांत ५,३०० जण गाठायचे, रोज साधारण १,३००. परत अर्धा ओलांडला, आता १,००,००० ची पायरी. हे सगळं फेब्रुवारी संपायच्या आत बसतं आणि मार्चच्या दिवसासाठी दोन आठवडे हातात राहतात.

शेवटचे ६,००० जुने नंबर मात्र सगळ्यात शेवटी, आणि आधी फक्त तीन-चारशे जणांना पाठवून दोन दिवस थांबायचं. मॅनेजरमध्ये त्या टेम्प्लेटच्या इनसाइट्समध्ये ब्लॉक दिसतात. आधीच्या गटांपेक्षा ते स्पष्टपणे जास्त असतील तर या गटाला मुख्य दिवशी हात लावू नका.

गडबड होतेय हे कसं ओळखायचं

रिपोर्टमध्ये फेल झालेले मेसेज दिसले की आधी एरर कोड बघा, सगळे फेल सारखे नसतात. `131049` म्हणजे त्या माणसाला मार्केटिंगचे मेसेज आधीच पुरेसे गेलेत म्हणून मेटाने तुमचा पोचवला नाही. ही मर्यादा त्या माणसाची आहे, तुमच्या पायरीशी तिचा संबंध नाही, आणि लगेच परत पाठवून काही होत नाही, काही दिवस सोडून बघा. `131048` मात्र गंभीर, तुमचे मेसेज फार ब्लॉक किंवा स्पॅम झाल्यामुळे नंबरवरच लगाम आलाय. तिथे मोहीम ताबडतोब थांबवायची. `130429` हा फक्त वेगाचा प्रश्न, सेकंदाला फार मेसेज सोडताय, प्रोव्हायडरला वेग कमी करायला सांगा.

रंग पिवळा झाला तर घाबरून टेम्प्लेटचं नाव बदलून तोच मजकूर परत मंजूर करून घेऊ नका, लोकांचा राग मजकुरावर आहे, नावावर नाही. मार्केटिंग थांबवा, फक्त ऑर्डरचे मेसेज चालू ठेवा, शेवटी कुठल्या गटाला पाठवलं होतं ते बघून तो गट बाजूला काढा. हिशोब ७ दिवसांचा असल्याने आणि ताज्या दिवसांना वजन जास्त असल्याने आठवडाभर शांत राहिलं की रंग सुधारायला वाव मिळतो.

मुख्य दिवशी

पेटी रवाना झाल्याचे, डिलिव्हरीचे मेसेजही खिडकीबाहेर गेले तर त्याच मर्यादेतून जातात. १०,००० वर असताना मोहिमेतच १०,००० संपवले तर ज्यांनी पैसे भरलेत त्यांनाच पेटी कधी येणार हे कळवता येणार नाही, आणि ते ग्राहक मग फोन करून करून हैराण होतात. म्हणून एक लाखाची पायरी वेळेत मिळाली नसली तरी हरकत नाही, १६,००० लोकांना दोन दिवसांत ८-८ हजार करून पाठवा आणि रोजचे २,००० ऑर्डरच्या मेसेजसाठी मोकळे ठेवा. टेम्प्लेट फेब्रुवारीत वापरून झालेलं, हिरवं असलेलंच घ्या, आणि सुरुवात परत गेल्या वर्षीच्या ग्राहकांपासून करा, म्हणजे पहिला प्रतिसाद त्यांचा येईल.