इंटिग्रेटरच्या समांतर रेझिस्टरबाबत या चुका टाळा

लातूरच्या एका तंत्रनिकेतनात मी बरीच वर्षे इलेक्ट्रॉनिक्सची प्रात्यक्षिके घेत आलो आहे. ऑप-अँप इंटिग्रेटरच्या प्रात्यक्षिकाला दरवर्षी एकच प्रश्न येतो : "सर, चौकोनी तरंग दिला, तर त्रिकोणी यायला हवा ना? मग माझा पुन्हा चौकोनीच का दिसतोय?" विद्यार्थ्याची जोडणी बहुतेक वेळा बरोबर असते. चूक असते ती कपॅसिटरला समांतर जोडलेल्या रेझिस्टरचे काम समजून घेण्यात.

आमच्याकडची नेहमीची जोडणी अशी असते : आयसी ७४१, पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्ट, इनपुट रेझिस्टर R1 १० किलोओहम, फीडबॅकमधला कपॅसिटर C १० नॅनोफॅरड आणि त्याला समांतर Rf १०० किलोओहम. हा Rf काढून टाकला, तर काय होते ते आधी पाहावे. ७४१ चे इनपुट ऑफसेट व्होल्टेज २ मिलिव्होल्ट धरले आणि R1 व C यांचा गुणाकार ०.१ मिलिसेकंद असल्याचे लक्षात घेतले, तर केवळ त्या २ मिलिव्होल्टमुळे आउटपुट सेकंदाला २० व्होल्ट या गतीने सरकते. म्हणजे पुरवठा सुरू केल्यावर अर्ध्या सेकंदातच ते एका टोकाला जाऊन चिकटते आणि पडद्यावर सरळ रेषेखेरीज काही दिसत नाही. थेंबथेंब गळणारा नळ रांजणावर सोडून दिला, तर रांजण कधी ना कधी ओसंडणारच. Rf म्हणजे त्या रांजणाच्या तळाला मुद्दाम पाडलेले बारीक छिद्र. पाण्याची पातळी वाढेल तशी गळतीही वाढते आणि कुठेतरी दोन्हींचा मेळ बसतो.

या छिद्राची किंमत दोन आकड्यांत मोजता येते.

```
DC gain = -Rf/R1        = -10
fa      = 1/(2*pi*Rf*C) = 159 Hz
fb      = 1/(2*pi*R1*C) = 1592 Hz
```

पहिला आकडा कमी वारंवारतेला मिळणाऱ्या गेनची मर्यादा सांगतो. दुसरा, म्हणजे fa, ही खालची कॉर्नर वारंवारता होय. तिच्या बऱ्याच खाली हे सर्किट इंटिग्रेटर राहत नाही, तर दहा पट गेनचा साधा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर होते. fb वर गेन एक होतो.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. अनेक नोट्समध्ये, एवढेच नव्हे तर काही पाठ्यपुस्तकांतही, असे वाक्य छापलेले आढळते की सिग्नलचा आवर्तकाल T हा Rf × C एवढा किंवा त्याहून मोठा असेल, तर इंटिग्रेशन नीट होते. हे विधान उलटे आहे. आपल्या सर्किटमध्ये Rf × C हा गुणाकार १ मिलिसेकंद येतो. १०० हर्ट्झच्या सिग्नलचा आवर्तकाल १० मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या दहापट असल्यामुळे ही अट तो आरामात पूर्ण करतो. प्रत्यक्षात अधिक-उणे १ व्होल्टचा १०० हर्ट्झचा चौकोनी तरंग द्यावा आणि आउटपुट पाहावे. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ५ मिलिसेकंद, म्हणजे पाच टाइम कॉन्स्टंट मिळाल्यामुळे कपॅसिटर जवळपास पूर्ण चार्ज होतो, आउटपुट वळण घेत ९.९ व्होल्टपर्यंत पोहोचते आणि तिथे सपाट राहते. विद्यार्थ्याला दिसलेला 'पुन्हा चौकोनी' तरंग तो हाच.

इथे दुसरा गोंधळ उडतो. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ७४१ चे आउटपुट तसेही साधारण दहा-अकरा व्होल्टच्या आसपास अडकते, त्यामुळे विद्यार्थी 'सॅच्युरेशन आले' असे लिहून मोकळा होतो. दोन्हींतला फरक ओळखायला जनरेटरचा अँप्लिट्यूड निम्मा करणे पुरते. सपाट भाग जवळपास ४.९ व्होल्टवर उतरला, तर ती गेनची मर्यादा आहे. सॅच्युरेशन असते, तर निम्म्या इनपुटनेही सपाट भाग जुन्याच उंचीवर राहिला असता किंवा नाहीसा झाला असता. शिवाय सॅच्युरेशनमध्ये रेषा तिरकी जाऊन एकदम कापल्यासारखी दिसते, तर इथे ती गोलाई घेत सपाट होते.

म्हणून अट अशी लिहावी : T हा Rf × C पेक्षा मोठा नसावा, आणि लहान असेल तितके चांगले. १ किलोहर्ट्झला T बरोबर १ मिलिसेकंद, म्हणजे अटीच्या सीमेवर आहे. तेथे शिखरापासून शिखरापर्यंत आदर्श ५ व्होल्टऐवजी ४.९ व्होल्टचा त्रिकोण मिळतो आणि त्याच्या कडा किंचित वाकलेल्या असतात. साइन तरंगाची फेज मात्र आदर्श ९० अंशांच्या स्थानापासून ९ अंशांनी ढळलेली असते, म्हणून फेज महत्त्वाची असेल तिथे सिग्नल fa च्या किमान दहापट वर ठेवावा. fa वरच इंटिग्रेशन सुरू होते असे समजणारे विसरतात की तेथे फेजची चूक ४५ अंशांची असते.

यावर विद्यार्थ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे Rf वाढवणे. एकाने १० मेगाओहम लावला आणि fa १.६ हर्ट्झवर आणली. गणित बरोबर होते, पण DC गेन एक हजार झाला. २ मिलिव्होल्टच्या ऑफसेटचे आउटपुटवर २ व्होल्ट झाले आणि ८० नॅनोअँपिअर बायस करंट धरला, तर तोही १० मेगाओहममधून ०.८ व्होल्टपर्यंत भर घालू शकतो. त्यात जनरेटरची ऑफसेट कळ शून्यावर असली तरी चौकोनी तरंगाचा ड्यूटी सायकल ५० ऐवजी ५२ टक्के निघाला, तर सरासरी ०.०४ व्होल्ट उरते. मूळच्या दहा पट गेनमध्ये त्यामुळे त्रिकोण ०.४ व्होल्टने सरकला असता. हजार पट गेनमध्ये आउटपुट टोकालाच जाऊन बसले. त्रिकोण वर किंवा खाली सरकलेला दिसला की आयसी बदलण्याआधी जनरेटरची सरासरी मल्टिमीटरच्या DC रेंजवर मोजावी. नॉन-इन्व्हर्टिंग टोकाशी ९.१ किलोओहमचा रेझिस्टर लावल्याने बायस करंटचा बराचसा परिणाम आटोक्यात येतो. ऑफसेट व्होल्टेजवर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

खरा उपाय एका बॅचमध्ये चुकून सापडला. सुटे सिरॅमिक कपॅसिटर एकाच डब्यात मिसळलेले होते आणि एका जोडीने १०३ छापलेल्याऐवजी १०४ छापलेला, म्हणजे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला. १ किलोहर्ट्झला त्यांचा त्रिकोण जेमतेम अर्ध्या व्होल्टचा आला, म्हणून ते हिरमुसले. त्यांना जनरेटर १०० हर्ट्झवर फिरवायला सांगितले, तेव्हा इतरांच्या बाकांवर सपाट चौकोन असताना त्यांच्या पडद्यावर ५ व्होल्टचा नेटका त्रिकोण उभा राहिला. C दहापट झाल्यामुळे fa १६ हर्ट्झपर्यंत उतरली होती, पण Rf आणि R1 तेच असल्यामुळे DC गेन दहाच राहिला आणि ऑफसेटही वाढला नाही.