बक्षीस लागलं, रोख भरली: नोटीस येण्याआधी जुळवून ठेवायची कागदपत्रं

लॉटरीच्या बक्षिसापेक्षा बँकेत भरलेल्या रोख रकमेपायीच लोक जास्त अडचणीत येतात. बक्षिसावरचा कर देणाराच कापून घेतो आणि त्याची नोंद सरकारकडे आपोआप जाते. रोख मात्र कुठून आली, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. ही तयारी पैसे भरण्याआधी केली तर चार कागदांत काम होतं. दोन वर्षांनी करायला बसलं, तर व्यापाऱ्याकडची विक्रीची पट्टीसुद्धा सापडत नाही.

निफाड तालुक्यातल्या एका शिक्षकाचं उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष 2024-25 धरू, कारण 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्या वर्षात शिक्षकाला राज्य लॉटरीचं 5 लाखांचं बक्षीस लागलं आणि त्याने बचत खात्यात एकूण 11 लाख 60 हजार रोख भरले.

आधी लॉटरीचं बघू. 5 लाखांवर 30 टक्के म्हणजे दीड लाख टीडीएस कापून साडेतीन लाख खात्यात आले. अनेकांना वाटतं, इथे विषय संपला. पण या करावर 4 टक्के उपकर लागतो आणि तो टीडीएसमध्ये धरलेला नसतो, म्हणून 6 हजार रुपये विवरणपत्र भरताना द्यावे लागतात. बक्षीस बायकोला लागलं असतं आणि तिला दुसरं काहीच उत्पन्न नसतं, तरी कराचा दर हाच. इथे मूळ सूट नाही, तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. त्यामुळे तिकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, दावा केल्याची पोच आणि टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 16ए, एकत्र ठेवा. कापलेले दीड लाख 26एएस या कराच्या उताऱ्यात आपल्या पॅनवर दिसतात का, हे बघा. शिक्षक दरवर्षी आयटीआर-1 भरत असेल, तर या वर्षी तो चालणार नाही. लॉटरीचं उत्पन्न असलं की आयटीआर-2 भरावा लागतो.

आता रोख. एका बँकेतल्या आपल्या सगळ्या बचत खात्यांत मिळून वर्षात 10 लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचा तपशील, उघडलं की ही नोंद `SFT-004` या नावाने दिसते. खातं जोडीने असेल तर पूर्ण रक्कम दोघांच्याही नावावर दिसू शकते, त्यामुळे बायकोचं एआयएसही उघडून बघा. पॅन द्यावा लागू नये म्हणून 49-49 हजार भरायची युक्ती गावोगाव सांगितली जाते. तिचा काडीचा उपयोग नाही. वर्षाची बेरीज तर होतेच, वर मुद्दाम तुकडे केले असा संशय येतो.

शिक्षकाच्या 11 लाख 60 हजारांत चार वाटे आहेत: कांद्याचे 5 लाख 40 हजार, बँकेतूनच काढून परत भरलेले 3 लाख 20 हजार, मुलीच्या लग्नातल्या आहेराचे 1 लाख 80 हजार आणि आईने साठवलेले 1 लाख 20 हजार. प्रत्येक वाट्याला वेगळा पुरावा लागतो.

कांद्याच्या चार पट्ट्या आहेत: 1 लाख 65 हजार, 1 लाख 80 हजार, 1 लाख 40 हजार आणि 1 लाख 25 हजार. बेरीज 6 लाख 10 हजार. त्यातले 70 हजार काढणीच्या मजुरीला आणि गाडीभाड्याला रोख गेले, बाकी भरले. एकही पट्टी 2 लाखांची नाही, हे बरं झालं, कारण एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच बसतो. पट्टीची शाई वर्षभरात उडते, म्हणून घरी आल्या दिवशीच तिचा फोटो काढा. सोबत त्या हंगामाची कांद्याची नोंद असलेला सातबारा जोडा. ई-पीक पाहणी केली नसेल तर ही नोंद कोरी राहते, आणि अधिकारी पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. तो गुणाकारही करतो. अडीच एकरांत अडीचशे क्विंटल उन्हाळी कांदा पटतो, पण वीस गुंठ्यांवर सहा लाखांचा माल दाखवला तर पट्ट्या असूनही प्रश्न येतात.

इथे एक मेख आहे. सातबारा आईच्या नावावर आणि पैसे मुलाच्या खात्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी ते आईचं आहे. पट्ट्या आईच्या नावाने करून रक्कम तिच्याच खात्यात भरणं आणि तिथून मुलाला चेकने देणं, हा सरळ रस्ता. आईकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही, पण एका दिवसात 2 लाख रोख घेतले तर रोखीची बंदी आईलाही सोडत नाही.

परत भरलेल्या पैशांचं असं: लॉटरीच्या रकमेतले 3 लाख 40 हजार घराच्या कामासाठी काढले, 20 हजार गवंड्याला विसार दिला, काम थांबलं आणि तीन महिन्यांनी उरलेले भरले. काढून किती दिवसांत परत भरावं, याला कायद्यात मुदत नाही. पण मधले महिने पैसे घरात का ठेवले, हे विचारतात. म्हणून खातेउतारा, गवंड्याची सही असलेली पावती आणि त्याने दिलेला अंदाजपत्रकाचा कागद जपा.

आहेराच्या बाबतीत बरेच जण चुकतात. लग्नातल्या भेटी करमुक्त आहेत त्या नवरा-नवरीसाठी. मुलीच्या बापासाठी नाहीत. तेव्हा आहेराची वही, पत्रिका आणि हॉलची पावती असली, तरी रक्कम मुलीच्याच खात्यात जायला हवी होती.

आईच्या साठवणुकीला कागद सगळ्यात कमी. तिची पेन्शन असेल तर पासबुकातून दरमहा काढलेल्या रकमा दाखवता येतात. नुसतं प्रतिज्ञापत्र लंगडं पडतं. हे 1 लाख 20 हजार पटले नाहीत तर त्या वर्षाच्या नियमाने 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार, मग उपकर, असे 93 हजार 600 रुपये जातात, आणि दंड वेगळा.

शेवटी हे सगळं एका तक्त्यात मांडा: तारीख, रोख आली, रोख गेली, हातात शिल्लक. घरखर्चाची रोखही त्यात दाखवा, नाहीतर वर्षभर घर कशावर चाललं, असा प्रश्न येतो. मग शिल्लकेच्या रकान्यावरून बोट फिरवा. पहिली पट्टी 20 मेची आणि भरणा 12 मेचा असेल, तर त्या ओळीत शिल्लक उणे जाते. चूक तिथेच पकडली जाते, आपल्याकडूनही आणि अधिकाऱ्याकडूनही. उणे आलं म्हणून तारीख फिरवू नका. बँकेची तारीख त्यांच्याकडे आहे. त्या दिवशीचे पैसे खरंच कुठले होते, ते आठवून त्याचा कागद शोधा.

तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर पुराव्याचा पान क्रमांक टाका आणि त्याच क्रमाने एक पीडीएफ करून ठेवा. नोटीस आली तर उत्तर पोर्टलवरच द्यायचं असतं आणि मुदत थोडी असते. कागद किमान सहा वर्षं टाकू नका.