नव्या सॉफ्टवेअरबद्दल ज्येष्ठ सहकाऱ्यांशी कसं बोलावं

गोदामाची नोंदवही बंद करून साठ्याचं सॉफ्टवेअर आणायचं असेल, तर फायदे सांगत सुटू नका. त्यांच्या मनातली शंका आधी तुम्हीच बोलून दाखवा. साधारण असं:

“तुम्हाला वाटत असेल, चुकीचं बटण दाबलं तर सगळं पुसलं जाईल. म्हणून पहिला आठवडा सरावाच्या प्रतीवर काम करू. खऱ्या साठ्याला तिथून धक्का लागत नाही. नंतर खऱ्या नोंदीत चूक झाली, तर उलट नोंद करून ती दुरुस्त होते.

काम वाढेल, ही शंका खरी आहे. सुरुवातीला वेळ जास्तच लागेल, म्हणून त्या दिवसांत तुमचं इतर काम मी कमी करतो. वही महिनाभर सोबत चालेल. दोन्हीकडचे आकडे जुळले, की ती थांबवू.

आणि आपला अनुभव बिनकामाचा ठरेल, असं वाटत असेल तर वस्तूंची यादी आणि किमान साठ्याचे आकडे तुम्हीच ठरवा. कुठला माल कधी संपतो, हे सॉफ्टवेअरला माहीत नाही.”

प्रत्येक शंकेनंतर थांबा आणि विचारा, “अजून काय खटकतंय?” अनुभवाची शंका बहुधा कुणी उघड बोलत नाही, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्या. जे वचन पाळता येणार नाही, ते मात्र देऊ नका.

पुढे सगळ्या नोंदी संध्याकाळी एकदमच पडताना दिसल्या, तर दिवसभर काम वहीतच चाललंय. तेव्हा जाब न विचारता शेजारी बसून नोंद कुठे अडते ते पाहा.