मलमल, वायल, लॉन, कॅम्ब्रिक: उन्हाळी कापड घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त फसगत होते ती दुकानात कापड बोटांत चोळून पाहिल्यावर. चारही कापडं सुती, चारही साध्या विणीची; पण नवीन कापडाला खळ असते आणि कॅम्ब्रिकला तर दाबून चकाकी आणलेली असते. दोन-तीन धुण्यांत हे सगळं जातं आणि खरं कापड हाती येतं. म्हणून कडेचा तुकडा ओला करून, वाळवून मगच मत बनवा.

दुसरी चूक म्हणजे पातळ तेवढं गार असं धरून चालणं. मलमलीच्या सुताला पीळ कमी आणि वीण विरळ, म्हणून ती मऊ पडते. घाम आला की अंगाला चिकटते. वायलही विरळच, पण तिच्या सुताला पीळ भरपूर असतो. त्यामुळे हाताला किंचित कडक लागली तरी ती अंगापासून सुटी राहते आणि वारा खेळतो. दमट हवेत मला वायलच बरी वाटते. लॉनचं सूत बारीक पण वीण दाट, त्यामुळे ती कमी पारदर्शक आणि अस्तराशिवाय कुर्त्याला चालते. कॅम्ब्रिक त्याहून भरीव; रोजच्या वापराचा सरळ कुर्ता किंवा सलवार त्याचीच शिवावी.

तिसरी चूक शिवणातली, आणि हीच सगळ्यात महाग पडते: मलमलीचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता. चार-पाच वेळा घातला की मुंढ्यापाशी आणि पाठीवर शिलाईच्या दोन्ही बाजूंना धागे सरकून जाळी दिसू लागते. दोरा तुटलेला नसतो, त्यामुळे पुन्हा शिलाई मारून उपयोग होत नाही. शिवण्याआधी दोन तुकडे जोडून शिलाईच्या आडव्या दिशेने ओढून पाहा. फटी पडल्या तर छातीत निदान 4 इंच सैल ठेवा, कडा आत बंद होणारी दुहेरी शिलाई घाला, सुई 9 किंवा 11 नंबरची वापरा. जाळी आधीच पडली असेल, तर आतून कॅम्ब्रिकची पट्टी लावून ताण तिच्यावर घ्यावा. बाजूला माया शिल्लक असेल, तर ती उसवून कुर्ता सैल करणं त्याहून चांगलं.

आटण्याचा हिशेबही कात्रीआधीच करा. कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन पेन्सिलीने आखून कापड रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करून मोजा. उभी बाजू 47.5 भरली, तर आट 5 टक्के. म्हणजे अडीच मीटरचं कापड साडेबारा सेंटिमीटरने कमी झालं. बेतायला कापड कमी पडतंय का, ते तिथेच कळतं.

साडीचं गणित वेगळं आहे. तिला शिलाईचा ताण नसतो, त्यामुळे मलमल इथे मोकळेपणाने घ्यावी. मात्र निऱ्या उभ्या राहाव्यात म्हणून तिला घट्ट खळ देऊ नका. घडीवर धागे मोडतात आणि साडी तिथेच विरते. कडक निऱ्या हव्या असतील तर वायल घ्या, तिला पातळ खळही पुरते.