आधी अर्धं शटर, मग गल्ला

लालबागला मामाच्या किराणा दुकानात मी उभा राहू लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गल्ला ५०० रुपयांनी कमी आला. मामा काही बोलला नाही, पण मला रात्रभर झोप नाही.

त्या दिवशीचा हिशोब असा होता. सकाळी गल्ल्यात सुट्टे २,०००. बिलबुकाप्रमाणे विक्री १४,६५०. त्यातले यूपीआयने ८,२१०, उधारी ६२०. जुन्या उधारीचे रोख आले ३००, हमाली आणि चहाला गेले ४८०. म्हणजे गल्ल्यात ७,६४० हवे होते, निघाले ७,१४०.

चोरी नव्हती. मी यूपीआयची बेरीज साडेनऊलाच मोबाईलवर बघून लिहून ठेवली होती आणि बिलांची बेरीज दहाला केली. मधल्या अर्ध्या तासात एका काकूंनी तेल-तांदूळ घेऊन ५०० रुपये यूपीआयने दिले होते. बिल विक्रीत धरलं गेलं, पैसे मात्र यूपीआयच्या आकड्यात नव्हते. साहजिकच ते रोख आले असणार असं कागदावर दिसत होतं.

तेव्हापासून क्रम ठरला आणि वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला. शटर अर्धं खाली. मग लगेच बिलं आणि यूपीआय यांची बेरीज, एकापाठोपाठ. मग रोकड. मोजताना कोणी वाकून "एक माचिस द्या ना" म्हणालं तर द्यायची, पण ते पैसे वेगळ्या वाटीत, उद्याच्या खात्यात. मामा म्हणतो, "अरे, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हिशोब बिघडवायचा नाही."

फरक आलाच तर आधी आकडा बघा. एखाद्या बिलाच्या रकमेएवढा असेल तर ते बिल बहुधा चुकीच्या खान्यात गेलंय. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर ५४ चे ४५ असे अंक उलटे लिहिलेत का ते पाहा.

रोकड जुळली की उद्याचे सुट्टे तेव्हाच बाजूला काढायचे: दहाच्या ५० नोटा, वीसच्या २५, पन्नासच्या १०, शंभरच्या ३ आणि २०० ची नाणी. पिशवीत चिठ्ठीसकट. सकाळी उघडणाऱ्याने ती फक्त मोजून सही करायची. सकाळी सातला दूधवाला, पाववाला आणि शाळेच्या घाईतली पोरं एकदमच येतात, तेव्हा सुट्टे शोधत बसायला कोणाला वेळ आहे?

शेवटी देवापुढचा दिवा विझलाय का बघायचं, दिवे-पंखे बंद. मेन स्विचला हात लावायचा नाही. एकदा मी तो पाडला आणि सकाळी फ्रीजमधलं दही, पनीर सगळं टाकून द्यावं लागलं. आता फ्रीजच्या स्विचवर लाल चिकटपट्टी आहे, आणि उघडताना पहिलं काम म्हणजे फ्रीजचा दिवा लागतोय का, आत गार आहे का ते पाहणं. दूध आत ठेवायचं ते त्यानंतर.