कारखान्याच्या पूर्वपाहणीत पाण्याची नोंद कशी करावी

आग लागण्याआधीच केल्या जाणाऱ्या पूर्वपाहणीला जाताना अग्निशमन पथकाने आराखड्याची प्रत, लांब मोजपट्टी, दाबमापक आणि नोंदवही बरोबर घ्यावी, आणि शक्य असेल तर बंबाचा चालक व पंप चालवणारा जवान यांना अवश्य न्यावे, कारण खरी वेळ आली की गाडी कुठे उभी करायची आणि पाणी कुठून घ्यायचे हे त्यांनाच ठरवावे लागते. रसायनांची यादी, बाहेर पडण्याचे मार्ग आणि कामगारांची संख्या ही माहिती पथके सहसा टिपतातच. पाण्याची नोंद मात्र 'टाकी आहे, पंप आहे' एवढ्यावरच थांबते, म्हणून येथे तिच्याविषयीच विस्ताराने लिहिले आहे.

प्रथम टाकीचे झाकण उघडायला लावून आत पाहावे. समजा, भूमिगत टाकी 10 मीटर लांब, 8 मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे, म्हणजे कागदोपत्री ती 2 लाख लिटरची आहे. मात्र त्याच टाकीतून उत्पादनासाठीही पाणी उचलले जात असेल, तर त्या नळाचे तोंड तळापासून किती उंचीवर आहे हे मोजलेच पाहिजे. ते दीड मीटरवर असेल तर उत्पादनाने कितीही पाणी ओढले तरी आगीसाठी 1 लाख 20 हजार लिटर शिल्लक राहतात, आणि मिनिटाला 2280 लिटर देणारा पंप त्यावर सुमारे 52 मिनिटे चालतो. तोंड अर्ध्या मीटरवरच असेल तर टाकी उपसलेल्या दिवशी 40 हजार लिटर, म्हणजे जेमतेम 17 मिनिटांचे पाणी हाती येते, आणि तळाचा गाळ वगळला तर त्याहूनही कमी. नोंदवहीत टाकीच्या क्षमतेऐवजी हा मिनिटांचा आकडा लिहावा.

पंपघरात मुख्य पंपाचा स्विच 'ऑटो'वर आहे की 'मॅन्युअल'वर, डिझेल पंपाच्या बॅटरीत चार्ज आहे का आणि टाकीत डिझेल किती आहे, हे पाहावे. त्यानंतर सर्वांत लांबचा हायड्रंट गाठावा. व्हॉल्व्ह बंद असताना दाबमापकावर 7 बार दिसले म्हणून समाधान मानू नये. होज जोडून पाणी वाहते करावे आणि काटा पुन्हा वाचावा. पाणी वाहू लागताच दाब 2 बारपर्यंत कोसळला, तर वाटेतला एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, गाळणी तुंबली आहे किंवा पंप पुरेसे पाणी देत नाही. स्थिर पाण्याचा दाब हा दोष लपवतो, आणि याच कारणाने ही चाचणी व्यवस्थापन टाळू पाहत असले तरी पथकाने तिचा आग्रह धरावा.

पंपघरातून निघण्यापूर्वी विजेचा प्रश्न विचारावा. आगीच्या ठिकाणी पोहोचल्यावर सर्वांच्या तोंडी 'मेन बंद करा' हेच येते. पण आगीच्या पंपाची वीज मुख्य स्विचच्या पुढून घेतलेली असेल, तर त्या एका खटक्यासरशी पाणीही थांबते. ती आधीच्या बाजूने स्वतंत्र घेतली आहे का, हे विद्युत पर्यवेक्षकाकडून प्रत्यक्ष दाखवून घ्यावे, आणि कोणता स्विच पाडायचा व कोणता मुळीच पाडायचा नाही याची खूण आराखड्यावर करावी.

आता अंतराकडे वळावे. प्रवेशद्वारापासून गोदामाच्या टोकापर्यंत आराखड्यावर 140 मीटर दिसत असले, तरी रॅकना वळसे घालत मोजपट्टी नेली की ते 190 मीटर भरू शकते. 15 मीटरच्या होज असतील तर 13 लागतील, आणि तेवढ्या अंथरायला माणसे व वेळ दोन्ही खर्ची पडतील. दुसऱ्या अंगाला माल चढवण्याचे दार असेल आणि तिथून 4 होजमध्ये काम भागत असेल, तर ते दार, त्याची किल्ली कोणाकडे असते आणि तिथे ट्रक उभे राहतात का, हे टिपावे.

मॉलमध्ये हीच पाहणी करताना एक गोष्ट अधिक बारकाईने पाहावी लागते. पुढचे अंगण बहुधा तळघराच्या स्लॅबवर असते, आणि बंबातले 5 हजार लिटर पाणीच 5 टन भरते, गाडीचे वजन वेगळेच. स्लॅब किती भार पेलतो याची लेखी नोंद मागावी; ती मिळेपर्यंत आराखड्यावर तो भाग बंबाला वर्ज्य म्हणून रंगवावा. बाहेरून पाणी भरण्याचा जोड मोकळा आहे का, आपल्या होजचे तोंड त्यात बसते का आणि त्यातून कोणत्या मजल्यांना पाणी जाते, हे होज प्रत्यक्ष जोडूनच ठरवावे. फलक आणि झाडांच्या कुंड्या त्याच्यापुढे सर्रास ठेवलेल्या आढळतात.

शेवटी रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला भेटून पंपघराची किल्ली मागावी आणि ती हाती येईपर्यंत किती मिनिटे गेली ते घड्याळात पाहून नोंदवावे.