अमेरिकेत दुकान चालवताय? डेबिट कार्डाच्या राउटिंगमध्ये या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या छोट्या दुकानांची कार्ड मशीन बसवून देणं आणि महिन्याची स्टेटमेंट तपासणं हे माझं काम आहे. त्यात आपले मराठी दुकानदार बरेच. राउटिंगमध्ये, म्हणजे व्यवहार कुठल्या नेटवर्कवरून न्यायचा हे ठरवण्यात, जवळपास प्रत्येक दुकानात त्याच चुका दिसतात, आणि त्यांचे पैसे दुकानदाराच्या खिशातून जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'गिऱ्हाइकाने पिन दाबला की पैसे पिन नेटवर्कवरूनच जातात' असं धरून चालणं. भारतात दुकानात डेबिट कार्ड मशीनमध्ये घातलं की पिन मारतोच. कार्ड व्हिसाचं असो की रुपेचं, पिन ही फक्त ओळख पटवण्याची खूण. अमेरिकेतल्या डेबिट कार्डावर मात्र सहसा दोन वाटा असतात. एक समोर छापलेली, व्हिसा किंवा मास्टरकार्डची. दुसरी स्टार, एनवायसीई, पल्स, अ‍ॅक्सेल अशांपैकी कुणाची, म्हणजे एटीएमच्या जाळ्यातून वाढलेल्या पिन नेटवर्कची. कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्कं हवीत हा नियम 1 एप्रिल 2012 पासून लागू आहे, आणि त्यातलं कुठलं निवडायचं हा हक्क दुकानदाराचा आहे. आता पिन न मागताही व्यवहार पिन नेटवर्कवरून जाऊ शकतो. म्हणून पिन मारला की नाही यावरून वाट ओळखायला जाऊ नका.

एडिसनमधल्या एका कपड्यांच्या दुकानात हे मी जवळून पाहिलं. चिपचं नवं मशीन आलं आणि दोन महिन्यांत कार्डांचा खर्च वाढला. मालकीणबाई म्हणाल्या, "भाऊ, विक्री तेवढीच, गिऱ्हाइकंही तीच. मग पैसे जातात कुठे?" जुन्या स्टेटमेंटवर स्टार आणि एनवायसीईच्या ओळी होत्या, नव्यावर एकही नव्हती. मी दिवसभराच्या पावत्या मागून घेतल्या. प्रत्येकीवर `VISA DEBIT` आणि खाली `AID: A0000000031010`. AID म्हणजे चिपमधल्या पर्यायाचा क्रमांक, आणि हा व्हिसाचा जागतिक क्रमांक. तो निवडला की व्यवहार व्हिसाच्याच वाटेने जातो. त्याच चिपमध्ये `US DEBIT` नावाचा दुसरा पर्याय असतो, `A0000000980840`, आणि त्यातून पिन नेटवर्कं खुली होतात. मशीन पडद्यावर दोन्ही नावं दाखवत होतं आणि गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून 'VISA' दाबत होतं. कार्डांचे व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीला, म्हणजे प्रोसेसरला, सांगून तो पडदा काढून टाकला आणि मशीनला `US DEBIT` आपोआप निवडायला लावलं. पुढच्या स्टेटमेंटवर जुन्या ओळी परत आल्या.

फरक कुठे पडतो ते 60 डॉलरच्या विक्रीवर पाहू. 10 अब्ज डॉलर किंवा त्याहून जास्त मालमत्ता असलेल्या बँकेच्या कार्डावर इंटरचेंजला, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेला जाणाऱ्या फीला, कायद्याची मर्यादा आहे: 21 सेंट, अधिक रकमेच्या 0.05 टक्के, अधिक फसवणूक रोखण्याचा 1 सेंट. म्हणजे जास्तीत जास्त 25 सेंट, वाट कुठलीही असो. तिथे वाचतं ते फक्त नेटवर्कच्या स्वतःच्या फीमध्ये. छोट्या बँका आणि क्रेडिट युनियन या मर्यादेतून सुटलेल्या आहेत. त्या दुकानात अशाच एका कार्डाला व्हिसाच्या वाटेने 0.80 टक्के अधिक 15 सेंट, म्हणजे 63 सेंट लागले होते. राउटिंगची खरी कमाई या कार्डांवर होते.

दुसरी चूक घाईची. 'एकच सरसकट दर, डोक्याला ताप नाही' म्हणून लोक सही करून मोकळे होतात. अशा करारात तुमचा व्यवहार स्वस्त वाटेने गेला तर वाचलेले पैसे प्रोसेसरकडे राहतात. नव्या दुकानदारांची ही घाई मला पटत नाही. डेबिटची विक्री भरपूर असेल तर इंटरचेंज प्लस करार मागा, म्हणजे इंटरचेंज आहे तेवढं आणि त्यावर प्रोसेसरची फी वेगळी, कारण त्यात प्रत्येक नेटवर्कची ओळ वेगळी दिसते. हातातल्या स्टेटमेंटवर 'डेबिट' असा एकच आकडा असेल, तर राउटिंग तपासायला तुमच्याकडे काहीच नाही.

पिन नेटवर्क नेहमीच स्वस्त, हेही खरं नाही. 3 डॉलरच्या चहावर टक्केवारी नगण्य असते आणि ठरावीक सेंटच जड जातात, म्हणून लहान बिलांचा हिशेब वेगळा मांडा.

रेस्टॉरंटवाल्यांनी टिप आधी घ्यावी. पिन नेटवर्कवर मंजुरी आणि वसुली सहसा एकाच संदेशात होते, त्यामुळे नंतर रक्कम वाढवता येत नाही.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी जुन्या समजुतीवर राहू नये. 1 जुलै 2023 पासून कार्ड समोर नसलेल्या व्यवहारांसाठीही बँकेने दुसरं नेटवर्क खुलं ठेवायला हवं. पण तुमच्या गेटवेमध्ये, म्हणजे वेबसाइटवर कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेत, ते चालू असेलच असं नाही, ते मागून घ्यावं लागतं.

माझी सवय साधी आहे. मशीन बदललं, त्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा प्रोसेसर बदलला, की त्याच दिवशी स्वतःच्या डेबिट कार्डाने एक डॉलरची खरेदी करतो, पावतीवरचा `AID` वाचतो आणि ती पावती महिनाअखेरच्या स्टेटमेंटसाठी गल्ल्यात ठेवून देतो.